परवानगी नको, वेळ ठरवूया

‘सायंकाळी गाण्याचा सराव करण्यास परवानगी मिळणेबाबत.’ आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या एका मैत्रिणीने आपल्या सोसायटीच्या सचिवांना द्यायच्या पत्रावर हा विषय घातला होता. पत्र देण्याआधी ‘एकदा शुद्धलेखन बघशील का?’ म्हणून तिने ते माझ्या हातात ठेवलं. शुद्धलेखन उत्तम होतं. अडलं ते विषयाच्या ओळीतल्या एका शब्दापाशी, आणि त्या शब्दावर आम्ही दोघी दोन संध्याकाळी बोलत राहिलो. त्यातून जे निघालं ते या वेळच्या संपादकीयात तुमच्यापुढे ठेवावंसं वाटलं, कारण घरात गाणाऱ्या, गाऊ पाहणाऱ्या आणि गायचं सोडून दिलेल्या बायका आपल्या वाचकांत पुष्कळ आहेत.

आधी तिची परिस्थिती सांगते. ती एक्केचाळीस वर्षांची. डोंबिवलीत चार मजली, सोळा सदनिकांची इमारत, तिचं घर दुसऱ्या मजल्यावर. एका खाजगी कंपनीत हिशेबाचं काम. लग्नाआधी गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण झालेली. मग चौदा वर्षं गाणं बंद. दोन वर्षांपूर्वी पुन्हा शिकायला लागली, शनिवारी बाईंकडे जाते, आता विशारद प्रथमची तयारी आहे. सकाळी डबे, मुलाची शाळा आणि सात बावन्नची लोकल. रात्री स्वयंपाक, आवराआवर. राहता राहिली संध्याकाळ. कामावरून पावणेसातला आली की चहा घेऊन तानपुऱ्याच्या पेटीसमोर बसायचं, असा तिने नेम केला. सहा महिने चालला. मग सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर एक संदेश आला : ‘रोज संध्याकाळी कुणाकडे हे चालतं? मुलांचे अभ्यास होत नाहीत.’ खाली नऊ अंगठे.

नाव कुणी घेतलं नव्हतं, पण सोळा घरांत गाणारी ती एकटीच. तिने आठ दिवस गाणं बंद ठेवलं. मग मागच्या बेडरूममध्ये, दार लावून, आवाज दाबून गायला लागली. पुढच्या शनिवारी बाईंनी विचारलं, ‘अगं, वरचा सा असा चिमटीत धरल्यासारखा का लागतोय?’ तार सप्तकातला स्वर खुल्या गळ्याने लावावा लागतो. तो दाबून लावण्याची सवय झाली की गळा तेच शिकतो आणि नंतर खुल्या जागेतही तसाच लागतो. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू गाणं, हा म्हणूनच उपाय नव्हे. तिने हे बाईंच्या घरून निघताना ओळखलं आणि लोकलमध्ये बसून पत्राचा मसुदा लिहिला.

मसुदा असा होता : ‘माझ्या गाण्यामुळे सर्वांना होत असलेल्या त्रासाबद्दल क्षमस्व. माझ्या यजमानांची या गोष्टीस हरकत नाही. तरी कृपया रोज एक तास गाण्याची परवानगी द्यावी ही नम्र विनंती.’ तीन वाक्यं. पहिल्यात अपराध कबूल, दुसऱ्यात नवऱ्याचा दाखला, तिसऱ्यात अर्ज.

मी तिला विचारलं, परवानगी देण्याचा अधिकार कमिटीला आहे, असं तुला कुणी सांगितलं?

हा प्रश्न केवळ स्वाभिमानाचा नाही, व्यवहाराचाही आहे. स्वतःच्या घरात, संध्याकाळी, ध्वनिवर्धक न लावता गाण्यासाठी सोसायटीची परवानगी लागते असं कुठेही लिहिलेलं नाही. पण आपणच ती मागितली तर ती देण्याचा, आणि म्हणून काढून घेण्याचा, अधिकार आपण आपल्या हाताने कमिटीला देतो. उद्या सचिव बदलले, नव्या सचिवांना गाणं आवडत नसलं, की परवानगी रद्द. आणि ‘नाही’ असं उत्तर आलं तर त्यानंतरचं गाणं हे कमिटीच्या निर्णयाविरुद्धचं वर्तन ठरतं, जे पत्र देण्याआधी ते नव्हतं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. घर माझं, गळा माझा, दहाच्या आत काहीही करीन, असं म्हणता येत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे रात्री १० ते पहाटे ६ अशी व्याख्या आहे आणि त्या वेळात ध्वनिवर्धक आणि वाद्यं यांच्यावर कडक बंधनं आहेत. लोकांच्या डोक्यात त्यातला ‘दहा’ हा आकडा एवढाच राहिला आहे आणि तो परवान्यासारखा वापरला जातो. दिवसालाही मर्यादा आहे : निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. शिवाय सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, सभासदाने इतरांना उपद्रव किंवा गैरसोय होईल असं काही आपल्या सदनिकेत करू नये, अशा अर्थाचं कलम आहे, आणि ते घड्याळ बघत नाही. कुणी लेखी तक्रार केली तर कमिटीला ती विचारात घ्यावीच लागते. म्हणजे गायला कमिटीची परवानगी लागत नाही, पण शेजाऱ्यांच्या त्रासाचा विचार करणं कमिटीचं काम आहे. या दोहोंच्या मधोमध जी जागा उरते तिथे पत्र लिहायचं. त्या जागेला ‘परवानगी’ म्हणत नाहीत. ‘सर्वांच्या सोयीची वेळ ठरवून ती नोंदवून घेणे’ असं म्हणतात. विषयाची ओळ आम्ही तशी बदलली.

मग सहीचा प्रश्न आला, आणि तिथे मात्र आम्ही बराच वेळ अडकलो. भागपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आहे. हप्त्यातला निम्मा वाटा पंधरा वर्षं तिच्या पगारातून जातो आहे, पण सोसायटीच्या दप्तरात ती कुणीच नाही. रहिवासी म्हणून पत्र द्यायला तिला कुणी अडवू शकत नाही. पण ‘सभासदाचं पत्र आणा’ असं म्हणून ते बाजूला ठेवणं सचिवांना सोपं जातं. आम्ही केलं ते इतकंच की, अर्जदार म्हणून सही तिची, आणि खाली ‘सभासद’ एवढाच शब्द लिहून नवऱ्याची. ‘माझी हरकत नाही’ हे वाक्य काढून टाकलं. त्याला हरकत आहे की नाही हा कमिटीसमोरचा विषयच नव्हता.

याच निमित्ताने सांगून ठेवते. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी जे स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं, त्यात संयुक्त सदस्य आणि सहयोगी सदस्य असा भेद स्पष्ट केला आहे. संयुक्त सदस्याचं नाव भागपत्रावर असतं. सहयोगी सदस्याचं नसतं. सभासदाच्या लेखी शिफारशीवरून पतीला, पत्नीला किंवा जवळच्या नातलगाला तसं करून घेता येतं, आणि सभासदाच्या लेखी संमतीने त्याचे हक्क ती व्यक्ती बजावू शकते. मालकी त्याने मिळत नाही, पण सभेत बोलता येतं. आमच्या मैत्रिणीने तो अर्जही गाण्याच्या पत्राबरोबरच दिला. गाण्यासाठी नसता दिला तर कदाचित कधीच दिला नसता.

आता वेळ. ‘रोज एक तास’ असं मोघम लिहून चालत नाही, कारण शेजाऱ्याला टोचते ती अनिश्चितता. आज सातला, उद्या साडेआठला, परवा अचानक रविवारी दुपारी. कुठल्याही आवाजाचा शेवट कधी हे माहीत असलं की तो सोसतो. आणखी एक गोष्ट गाणारीच्या लक्षात येत नाही : लोकांना गाण्याचा त्रास होत नाही, सरावाचा होतो. मैफलीत राग पुढे सरकतो. सरावात एकच पलटा चाळीस वेळा येतो, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. भिंतीपलीकडच्या माणसाला चाल कळत नाही, फक्त कुणीतरी एकाच पायरीवर ठेचकाळतंय एवढं कळतं. म्हणून तिने तासाची फोड केली. पहिली वीस मिनिटं पलटे आणि अलंकार, मग राग. आणि पत्रात ते तसंच लिहिलं, म्हणजे ‘हे काय चाललंय’ याचं उत्तर लोकांना आधीच मिळालं. पहाटेच्या खर्जाचा मोह तिने सोडला. पहाटे चारला उठून खर्ज लावावा असं जुने लोक सांगत, पण त्यांच्या भिंती शेजाऱ्याच्या भिंती नव्हत्या.

यानंतर आम्ही एक साधा प्रयोग केला. खालच्या मजल्यावरच्या काकूंशी तिचं बरं आहे. संदेशाखाली अंगठा त्यांचाही होता, पण त्या हसून म्हणाल्या, ‘सगळ्यांनी केला म्हणून मीही केला गं.’ त्यांना घरात बसवून ती वर निरनिराळ्या खोल्यांत गायली आणि काकू फोनवर सांगत गेल्या. निघालं ते उलटंच. लपून गाण्यासाठी निवडलेली मागची बेडरूम सगळ्यात वाईट होती, कारण तिची छोटी खिडकी डक्टमध्ये उघडते. आपल्या इमारतींत आवाज भिंतीतून जातो त्यापेक्षा किती तरी अधिक खिडकीतून आणि डक्टमधून जातो. प्लास्टर केलेली विटांची भिंत मनुष्याच्या आवाजाचा बराच भाग अडवते. डक्ट मात्र नळकांड्यासारखा तो चारही मजल्यांच्या न्हाणीघरांत आणि स्वयंपाकघरांत पोचवतो. रस्त्याकडच्या हॉलमध्ये, खिडक्या लावून, ती पूर्ण खुल्या आवाजात गायली तेव्हा काकूंना बेडरूममध्ये ‘कुठेतरी रेडिओ लागलाय’ इतकंच ऐकू आलं.

तानपुऱ्याच्या पेटीची गोष्ट वेगळी निघाली. पेटी भिंतीत ठोकलेल्या फळीवर होती आणि पलीकडच्या घरातल्या पलंगाचं डोकं नेमकं त्याच भिंतीला. तिथे स्वर नव्हे, नुसती गुणगुण पोचत होती. कंप फळीतून भिंतीत शिरत होता. पेटी फळीवरून काढून घडी घातलेल्या घोंगडीवर, जमिनीपासून आणि भिंतीपासून सुटी ठेवली, आवाज थोडा कमी केला, आणि ती गुणगुण गेली. याला खर्च शून्य. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावायचा सल्ला गटावरच्या एका जाणत्याने दिला होता. त्याने खोलीतला घुमारा किंचित कमी होतो, बाहेर जाणारा आवाज अडत नाही, आणि ते पेट घेतात ते वेगळंच. ‘इयरफोन लावून गा की’ हाही सल्ला आला. इयरफोनने तानपुरा बंद होईल, गळा नाही. शिवाय कानात सूर मोठा असला की गळाही नकळत मोठा लागतो. मोबाइलवर डेसिबल मोजायचं साधन घेऊन तिच्या मुलाने आकडे काढले. आधी-नंतरचा फरक बघायला ते उपयोगी पडलं, पण पत्रात आकडे घालू नकोस असं मी सांगितलं. प्रत्येक फोन वेगळं दाखवतो, आणि आपण आकडा दिला की समोरचाही त्याच्या फोनवरचा आकडा देतो, मग भांडण गाण्याचं न राहता फोनचं होतं.

तर पत्र असं झालं :

‘प्रति, माननीय सचिव. विषय : सायंकाळच्या गायन सरावाची वेळ ठरवून नोंदवून घेणेबाबत. महोदय, मी आपल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते आणि शास्त्रीय गायनाच्या परीक्षेची तयारी करत आहे. माझ्या सरावाबद्दल काही रहिवाशांनी गटावर नाराजी व्यक्त केली आहे. म्हणून पुढील व्यवस्था मी सुचवत आहे. सराव सोमवार ते शुक्रवार सायंकाळी ७ ते ८ या वेळात होईल. पहिली वीस मिनिटं स्वरांचे पलटे असतील, नंतर राग. शनिवारी सराव नसेल. रविवारी सायंकाळी ५ ते ६ तबल्याची साथ असेल, ती महिन्यातून दोनदाच. सराव रस्त्याकडील खोलीत, खिडक्या बंद करून होईल. ध्वनिवर्धक वापरला जाणार नाही. दहावी-बारावीच्या लेखी परीक्षांच्या काळात इमारतीतील परीक्षार्थींच्या पालकांशी बोलून मी वेळ बदलेन. इमारतीत कोणी गंभीर आजारी असल्यास किंवा कोणाकडे दुःखद प्रसंग घडल्यास सराव थांबवेन. ही वेळ कोणास गैरसोयीची असल्यास त्यांनी मला किंवा आपणास सांगावे. आगामी कमिटी सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, मला सभेस बोलवावे, ठरलेली वेळ इतिवृत्तात नोंदवून सूचना फलकावर लावावी आणि तीन महिन्यांनी तिचा आढावा घ्यावा. आपली.’

क्षमा कुठे नाही आणि आव्हानही कुठे नाही. दोन प्रती काढल्या, दुसरीवर तारखेसह पोच घेतली. पोच मागताना सचिव म्हणाले, ‘वहिनी, आपल्यात कशाला हे कागद?’ हे वाक्य ऐकलं की मी सावध होते. कागद नको म्हणणारा माणूस वाईट असतो असं नाही, पण तोंडी ठरलेल्या गोष्टीची आठवण नेहमी ज्याचा आवाज मोठा त्याचीच खरी ठरते.

सभेचा वृत्तांत तिने मला नंतर सांगितला. सहकार कायद्याने कमिटीत स्त्रियांसाठी २ जागा राखीव आहेत. त्यांतल्या एकीच्या वतीने तिचे यजमान येऊन बसले होते, नेहमीच बसतात. पहिला प्रश्न आला तो, ‘घरच्यांना चालतं का?’ चौथ्या मजल्यावर क्रिकेटच्या सामन्याला जे ध्वनिक्षेपक लागतात त्यांच्या मालकाला हा प्रश्न कधी विचारलेला नाही. तिने उत्तर दिलं, ‘पत्रात वेळ दिली आहे, त्याबद्दल बोलूया.’ हे वाक्य आम्ही ठरवलेलं नव्हतं, ते तिचं स्वतःचं.

खरी अडचण मात्र आम्हाला दोघींनाही न सुचलेल्या दिशेने आली. राखीव जागेवरची दुसरी बाई, जी खरोखर सभेला आली होती, ती तिसऱ्या मजल्यावर राहते आणि रुग्णालयात परिचारिका आहे. ती म्हणाली, ‘माझी हरकत गाण्याला नाही, सातच्या वेळेला आहे.’ दर महिन्यात तिचा एक आठवडा रात्रपाळीचा असतो. सकाळी नऊला घरी येते. तेव्हा लगेच झोपावं, पण धुणं, स्वयंपाक, सासूबाईंची औषधं, मुलीला शाळेतून आणणं. आडवं व्हायला तीन वाजतात. उठते साडेसातला, सव्वाआठला पुन्हा निघते. साडेचार तासांची झोप, आणि तिचा शेवटचा अर्धा तास बरोबर पलट्यांत सापडतो. गटावरचा संदेश तिने टाकलेला नव्हता, अंगठाही केला नव्हता. सहा महिने ती कानात कापूस घालून झोपत होती आणि बोलली नव्हती, कारण ‘दुपारी तीननंतर झोपणाऱ्या बाईने तक्रार कशी करायची?’

ऐकताना आमच्या मैत्रिणीला ओशाळल्यासारखं झालं. मला मात्र वाटतं, अशा पत्राचा उपयोग असतो तो हाच. ‘मुलांचे अभ्यास’ ही पुढे केलेली तक्रार होती. विचारल्यावर कळलं की त्या मजल्यांवर दहावी-बारावीचं त्या वर्षी कुणी नव्हतं. जिला खरा त्रास होता तिने तोंड उघडलं नव्हतं. वेळ लिहून समोर ठेवली तेव्हाच तिला आपली वेळ सांगता आली. एकीची गाण्याची वेळ आणि दुसरीची झोपेची वेळ एकाच अर्ध्या तासावर येऊन आपटली, याचं कारणही दोघींच्या घरात एकच आहे. पण ते कमिटीच्या विषयपत्रिकेवर नव्हतं, आणि तिथे सुटणारंही नव्हतं.

तोडगा पंधरा मिनिटांत निघाला. रात्रपाळीच्या आठवड्यात सराव पावणेआठ ते पावणेनऊ, बाकीच्या आठवड्यांत सात ते आठ. पाळ्यांचा तक्ता लागला की परिचारिकाबाई महिन्याच्या सुरुवातीला एक चिठ्ठी दाराखालून सरकवणार. रविवारच्या तबल्याला चार ते पाचची वेळ मिळाली, कारण पाचला मुलं खाली खेळतात आणि तेव्हा खिडक्या लावणं कुणालाच जमत नाही. तबला थेट फरशीवर न ठेवता खाली जाड गोधडी घालायची, हे काकूंनी सुचवलं. ठोक्याचा धक्का फरशीतून त्यांच्या छतात उतरतो. हे सगळं इतिवृत्तात लिहिलं गेलं. ‘परवानगी देण्यात येत आहे’ असं लिहायला सचिवांनी सुरुवात केली होती, ते तिने ‘वेळ निश्चित करण्यात आली’ असं करून घेतलं.

पावणेआठच्या आठवड्याने घरात नवा प्रश्न उभा केला. नऊच्या जेवणाआधीचा तास म्हणजे पोळ्यांचा तास. सात ते आठ गाऊन उठली की ती धावतपळत पोळ्या करत होती. पावणेनऊला उठून ते अशक्य. इतकी वर्षं ‘तू गा ना, तुला कोण अडवतंय’ म्हणणाऱ्या घरात पहिल्यांदाच हे बोलणं निघालं की तिने गायचं म्हणजे दुसऱ्या कुणीतरी काहीतरी करायचं. नवरा म्हणाला, त्या आठवड्यात जरा अॅडजस्ट कर. तिने खालच्या फलकावरच्या कागदाकडे बोट दाखवलं. गंमत अशी की बायकोच्या शब्दापेक्षा सोसायटीच्या शिक्क्याला घरात जास्त मान मिळाला. मला याचा आनंद वाटावा की राग यावा हे अजून ठरलेलं नाही. तूर्त त्या आठवड्यात पोळ्या स्टेशनजवळच्या पोळी-भाजी केंद्रातून येतात, नवरा येताना आणतो, आणि भात मुलगा लावतो. पहिल्या दिवशी भात करपला. तिला वास आला, पण ती उठली नाही, यमनचा ताल सुटला असता म्हणाली.

मोगूबाई कुर्डीकरांबद्दल सांगतात की सांगलीत असताना त्यांचा रियाझ रस्त्यावरून जाणाऱ्या अल्लादिया खाँसाहेबांच्या कानी पडला आणि त्यांनी आपण होऊन शिकवायची तयारी दाखवली. खिडकी बंद असती तर? आमच्या मैत्रिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘आमच्या खिडकीखालून रिक्षा जातात गं, खाँसाहेब नाही.’ खिडकी लावून गाण्यात काही जातं हे तिला माहीत आहे. उकाड्यात तर फारच जातं. पंख्याचा आवाज तानपुऱ्यात मिसळतो म्हणून ती पंखाही बंद करते. एप्रिल-मे मध्ये हे कसं निभावेल ते बघायचं आहे. तासाभराऐवजी चाळीस मिनिटं गाऊन मध्ये खिडकी उघडायची, असं तिने योजलं आहे.

तीन महिन्यांचा आढावा झाला. लेखी हरकत एकही आली नव्हती. परिचारिकाबाईंनी एक दुरुस्ती सुचवली : पाळीचा तक्ता कधी कधी आयत्या वेळी बदलतो, तेव्हा फोन केला तर चालेल का? चालेल, असं नोंदलं गेलं. चौथ्या मजल्यावरच्या सामन्यांचा विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर आहे, तो काकूंनी दिला आहे, लेखी, पोच घेऊन. आणि सहयोगी सदस्यत्वाचा अर्ज मंजूर होऊन आमच्या मैत्रिणीचं नाव सोसायटीच्या नोंदवहीत लागलं आहे.